धापूचा कानूडा कुणापुढे नाचायचा

धापू म्हणजे पुरे झालं. तिकडं अरवलीच्या मुलखात पोरीमागून पोरी झाल्या की शेवटच्या पोरीचं नाव धापू ठेवतात. देवाला कळावं, बाबा रे, आता पोट भरलं, आता थांब. आपल्याकडे नकोशी ठेवतात ना, त्यातलाच प्रकार. पण ही धापू नावाच्या अगदी उलट. तिला कधी काही पुरे झालं म्हणून नाही. माया करायला बसली की हात आखडायचा म्हणून नाही. म्हशीला गोंजारेल, बकरीच्या पिल्लाला ओढणीत घेऊन झोपेल, आणि वाटेवरच्या कुत्र्याला अर्धा रोटला टाकून स्वतः बाजरीची पातळ राब पिऊन राहील.

अरवलीच्या पायथ्याशी तिचं सासर. नवरा वेलाराम सुरतेला हॉटेलात स्वयंपाकी. होळीला यायचा, दिवाळीला यायचा. माणूस वाईट नव्हता, पण बोलायचाच नाही. जेवायला बसला की ताटाकडे बघायचा, उठला की जोड्याकडे. लेक एक, ती अखातीजेला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लग्न होऊन पालीकडे गेली. मग घरात उरल्या दोघी. ही, आणि हिची धाकटी जाऊ सुगनी. सुगनीच्या जिभेला हाडच नव्हतं. धापूला म्हणायची जीजी, पण जीजी म्हणून चिमटा असा काढायची की वळ उठावा.

तर लेक गेली त्याच पावसाळ्यातली गोष्ट. बाजरीत खुरपायला गेली होती धापू. बाजरी कंबरेएवढी. कुत्री कशामागे तरी लागली होती, आणि फडफड करत एक लांडोर उठून गेली. धापूनं जाऊन बघितलं तर जमिनीतच उकरलेला जरासा खळगा, त्यात अंडी. दोन कुत्र्यांनी फोडलेली, बाकीची शाबूत. संध्याकाळपर्यंत बांधावर बसून राहिली बिचारी, लांडोर परत येईल म्हणून. नाही आली. मग ओढणीत गुंडाळून आणली.

आता तिच्या घरात कोंबड्या कुठल्या. त्या वस्तीत कोंबड्या एकट्या नाथीकडे. नाथी भिल्लीण, ओरणाच्या कडेला राहायची. ओरण म्हणजे देवीचं रान, आपल्या देवराईसारखं. तिथली काडी कुणी तोडायची नाही, पाखरू कुणी मारायचं नाही. म्हणून मोर सगळे तिथंच. नाथी आणि धापू एका विहिरीवर पाणी भरणाऱ्या, सुखदुःखाच्या. नाथीची एक कोंबडी खुडूक होऊन बसली होती, तिच्याखाली ही अंडी सारली. नाथी म्हणाली, "कोंबडीला फसवायला सोपं असतं. ती मोजत नाही, रंग बघत नाही. पोटाखाली ऊब लागली की झालं."

महिन्याभरानं फुटली. त्यातलं एकच जगलं. कोंबडीनं चार दिवस फिरवलं, मग टाकून दिलं. ते पोर धापूच्या मागं लागलं ते लागलंच. वाळवी उकरून द्यायची त्याला, बाजरी भरडून द्यायची, ताकात भिजवलेला रोटला द्यायची. ती विहिरीवर निघाली की हे मागं. ती चुलीशी बसली की हे उंबऱ्यावर. ओढणीचं टोक चोचीत धरून ओढायचं. तिनं नाव ठेवलं कानूडा. कृष्णाचं लाडाचं नाव आहे ते तिकडं.

सुगनी म्हणायची, "जीजी, दुसरं लेकरू झालं म्हणून सुरतेला कळवू का?"

मोर असेल की लांडोर, पहिल्यांदा कळतच नाही. दुसऱ्या वर्षी मानेवर निळी झाक आली तेव्हा कळलं. पण पिसारा कुठला, चार आखूड काड्या. तिसऱ्या वर्षी मात्र लांब पिसं फुटली आणि गडी बदलला. चालताना मागं झोळ ओढल्यासारखा ओढायचा. धापू त्याला बघत बसायची आणि रोटला करपायचा.

आणि त्या चैत्रात तो पहिल्यांदा फुलला.

धापूचा नेम होता. सकाळी देवीच्या देवऱ्याची, म्हणजे छोट्या देवळाची, पायरी झाडायची, मग ओरणातल्या दगडी ओट्यावर पाखरांचे दाणे टाकायचे. घरोघरचे दाणे असायचे ते, टाकायची पाळी मात्र कायमची हिची, कारण बाकीच्यांना पहाटे उठवत नसे. तर पायरी झाडत होती, कानूडा मागं होताच. एकाएकी त्यानं सगळा पिसारा उभा केला आणि नुसता थरथरायला लागला. सुकल्या पिंपळपानांवरून वारा जावा तसा सळसळ आवाज. धापूनं वळून बघितलं आणि हातातला झाडू तसाच राहिला. काय दिसत होतं सांगू? पिसांच्या बारीक दशा हलत होत्या, उन्हात लखलखत होत्या, पण ते डोळे, ते निळे डोळे जागच्या जागी. सगळं पाणी हलतंय आणि त्यावर ठेवलेले दिवे हलत नाहीत, असं काहीतरी.

तेवढ्यात भोपा आला. भोपा म्हणजे देवीचा पुजारी, भैराराम. अंगात यायचं त्याच्या. मोठा गोड माणूस, फक्त गोष्ट जरा वाढवून सांगायचा. त्यानं पाहिलं, मोर देवऱ्याच्या तोंडापुढं नाचतोय. आभाळात ढगाचा ठिपका नाही, अंग भाजणारं ऊन आणि मोर नाचतोय. बस. दुपारपर्यंत पाच गावांत झालं, मातेपुढं मोर नाचतो.

दुसऱ्या दिवशी बायका आल्या. तिसऱ्या दिवशी नारळ आले. आणि कानूडा खरंच रोज नाचायचा. भोपा समजावून सांगायचा, मोर हा ब्रह्मचारी जीव. तो लांडोरीला शिवत नाही. त्याच्या डोळ्यातून आसू पडतात, ते लांडोर टिपते आणि तिला अंडी होतात. म्हणूनच कृष्णानं त्याचं पीस डोक्यावर घेतलं. म्हणून हा मातेचा संन्याशी आहे. बायका हात जोडायच्या, आणि संन्याशी त्यांच्याकडं ढुंकून न बघता धापूकडं तोंड करून पिसारा हलवायचा.

धापूला कळत होतं. कसं नाही कळणार? ती पायरीच्या डाव्या अंगाला गेली की तो डावीकडे फिरायचा, उजवीकडे गेली की उजवीकडे. पण ती बोलली नाही. तिला ते आवडायला लागलं होतं, आता खरं सांगायला काय. वीस-बावीस वर्षं संसार केला, कुणी तिच्यापुढं असं उभं राहिलं नव्हतं. ती सकाळी तोंड जरा जास्त धुवायला लागली. काजळाची डबी बाहेर निघाली. सुगनीच्या नजरेतून सुटणार आहे का? "जीजी, झाडायला निघालात की वरातीला?"

मग भोप्यानं काढलं की नवरात्राच्या आधी देवऱ्यामागं जाळीचं अंगण करू आणि कानूड्याला त्यात ठेवू. बिबट्या उतरतो डोंगरातून, मातेचा मोर नेला तर गावाला काय तोंड राहील? गावकऱ्यांना पटलं. धापूलाही अर्धं पटलं. जाळीत राहील, डोळ्यापुढं राहील, वाघरू नेणार नाही. ती नाथीकडे सांगायला गेली, जरा आनंदातच.

नाथी कोंबड्यांना कणी टाकत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे जन्मभर रांडका ठेवणार त्याला."

"नाचतो ना मातेपुढं, मग काय कमी आहे?"

"धापू, तो नाचत नाही. तो मागणी घालतोय. आणि ती तुला घालतोय."

धापू लाजून लाल झाली आणि चिडलीसुद्धा. नाथीनं तिला तिथंच बसवलं. लिंबाच्या आडून ओरणाकडं बघ म्हणाली. ओट्याच्या पलीकडं मोकळी जागा होती. तिथं मोर जरा जरा अंतर सोडून उभे, प्रत्येकाची आपली जागा. दुसरा आत आला की हुसकून लावायचे. आणि लांडोरी आल्या, मातकट अंगाच्या, साध्या, बाजारात भाजी बघायला आल्यासारख्या. त्या आल्या की मोर फुलायचे. एका मोरापुढं उभी राहिली लांडोर, जमिनीवरचं काहीतरी टिपल्यासारखं केलं, आपलं लक्षच नाही असं. मग दुसऱ्याकडं. मग तिसऱ्याकडं. मग परत पहिल्याकडं.

नाथी हळू सांगत होती. जन्म गेला होता तिचा ते बघण्यात. ढगांचं आणि त्यांचं काही नाही गं. लांडोरींचा अंडी घालायचा काळ आणि पावसाचा काळ जवळ येतो म्हणून आपल्याला वाटतं ढगाला बघून नाचतो. लांडोर नसेल तर ढग असून उपयोग काय? आणि निवडते ती. तो नाही निवडत. तो नुसता दाखवतो. एका मोराकडं दहा जणी जातात, शेजारच्याकडं सबंध मोसमात एक नाही.

"पण एवढं काय बघते?" धापूनं विचारलं.

"तू लेकीसाठी मुलगा बघताना काय बघितलंस? अंगापिंडानं धड आहे का, रोगी तर नाही. ती तेच बघते. एवढं ओझं मागं लावून जो बिबट्याच्या तावडीतून वर्षानुवर्षं सुटला, ज्याची पिसं किडली नाहीत, ज्याच्या अंगात सकाळभर थरथरायची ताकद आहे, त्याचं रक्त चांगलं असणार. आणि रक्ताशिवाय तिला मिळतं काय त्याच्याकडून? अंडी तीच उबवते, पिल्लं तीच फिरवते. बाप फिरकतसुद्धा नाही. मग निदान रक्त तरी पारखून घेईल ना बिचारी."

"सुरतेला असतात वाटतं सगळे बाप," धापू म्हणाली. दोघी हसल्या. पण हसता हसता धापूनं विचारलं, ते आसवांचं खोटं का मग?

नाथी म्हणाली, कोंबडा कोंबडी बघितलीस ना? तसंच. फक्त भोपाजी त्या वेळी झोपलेले असतात.

त्या रात्री धापूला वाटलं, आपण काय करून बसलो. कोंबडीखाली निघाला, माझ्या मागं वाढला. त्याला वाटतं त्याची जात म्हणजे ओढणीवाली. ओरणात गेलाच तर लांडोरींकडं पाठ करून मला शोधत उभा राहील. जाळीत घातला तर संपलंच. पिसारा दरसाल फुटेल, दरसाल गळेल, आणि मी एक दिवस मरून जाईन. मग कुणापुढं हलवेल?

पहिलं काम जाळी थांबवायचं. वाद घालून भोपा ऐकणारा नव्हता, आणि मातेचा मोर नव्हे म्हणावं तर पाप. तिनं काय केलं, सकाळी देवऱ्यावर गेलीच नाही. गोठ्यात जाऊन बसली, म्हशीच्या शेपटीशी. कानूडा शोधत शोधत आला, आणि म्हशीच्या बुडापाशी पिसारा पसरून थरथरायला लागला. तिकडं देवऱ्यापुढं नारळ घेऊन माणसं उभी. सुगनीनं जाऊन सांगितलं, संन्याशीबुवा आमच्या गोठ्यात आहेत, दर्शन तिथंच घ्या. सगळे आले. धापू उठून अंगणात गेली, मोर अंगणात. धापू उकिरड्याशी गेली, मोर उकिरड्याशी. बायका तोंडात पदर घालून हसायला लागल्या.

भोप्याचं तोंड एवढंसं झालं. पण गोड माणूस, सावरून घेतलं. म्हणाला, "माता काय, सगळ्यात असते. धापूतही असेल थोडी."

जाळीचं राहून गेलं. पुढचं अवघड होतं.

दुसऱ्या दिवशी धापू त्याला घेऊन ओरणात गेली, ओट्यावर दाणे टाकले, म्हटलं शिक आता. लांडोरी आल्या. कानूडा फुलला, आणि वळून धापूकडं तोंड. लांडोरींनी मागून बघितलं आणि दाणे टिपून गेल्या. तिसऱ्या दिवशी धापूनं सुगनीची निळी ओढणी डोक्यावरून घेतली, चेहरा झाकला. त्यानं चालीवरून ओळखलं. मग खेजडीच्या झाडामागं लपली, तर खोकला आला आणि हा झाडाला प्रदक्षिणा घालत पिसारा हलवत आला. नाथी पोट धरून हसली. मग हसायची थांबली आणि म्हणाली, "तू आहेस तोवर नाही व्हायचं."

तेवढंच म्हणाली. धापूला पुढचं कळलं.

त्या दिवसापासून दाणे सुगनी टाकायला लागली. कुरकुर केली, पहाटेचा शिव्यांचा सडा घातला, पण गेली. धापूनं घरात बसायचं ठरवलं. कानूडा काय, ओरणातून उडत अंगणात यायचा. दारापुढं उभा राहून पिसारा पसरायचा. धापू दार लावून घ्यायची. आत चुलीकडं तोंड करून बसायची आणि बाहेर ती सळसळ. बराच वेळ चालायची. थांबायची. परत सुरू व्हायची. दाराच्या फटीतून एक डोळा दिसायचा, पिसाचा की त्याचा कोण जाणे. धापूनं ओढणीचे बोळे कानात घातले. सुगनी एकदा आत आली तर जीजी रडतेय. चिमटा राहिला बाजूला. तिनं गुपचूप पीठ मळायला घेतलं.

एकदा वेलारामचा फोन आला सुरतेहून. त्यालाही कळलं होतं, धापू मोराला दार लावून बसते आणि गावात हसतात म्हणून. तो म्हणाला, मोर कसा आहे. धापू म्हणाली, बरा आहे. तो म्हणाला, दार उघडू नकोस. एवढंच. पण एवढं तरी बोलला.

हळूहळू अंगणातली फेरी कमी झाली. जे माणूस बघतच नाही त्याच्यापुढं मोर किती दिवस पिसारा हलवेल? सुगनी येऊन सांगायची, आज ओट्याशी होता. आज मोठ्या मोरानं हाणून हाकलला. आज त्यानं लिंबाखालची जागा धरली. आज दोन लांडोरी थांबल्या, पण गेल्या. धापू भाकरी थापत ऐकायची आणि विचारायची, पिसारा पुरा उघडला होता का? एखादं पीस तर नाही ना मोडलं?

ज्येष्ठ लागला. एक दिवस सकाळी नाथी स्वतः आली. पाय वाजवत आली, म्हणजे घाई होती. म्हणाली, चल, आणि तोंड बंद ठेव.

दोघी थोराच्या, म्हणजे निवडुंगाच्या, कुंपणामागं पोटावर पडल्या, अंगावर नाथीचं गोणपाट घेऊन. लिंबाखाली कानूडा उभा. एक लांडोर येत होती, सावकाश, टिपत टिपत. कानूडा फुलला. आणि फुलला तो कसा? लांडोरीकडं पाठ, आणि तोंड सरळ कुंपणाकडं.

धापूला वाटलं, संपलं. पाहिलं त्यानं मला. ओळखलं. एवढे दिवस दार लावलं, रडले, सगळं फुकट. ती उठून पळणार होती, नाथीनं हात दाबून धरला आणि डोळ्यांनीच सांगितलं, थांब.

लांडोर जवळ आली. त्याच्या पाठीमागं, अगदी जवळ. तो पंखांची तांबूस पिसं फडफडवत होता, वळत नव्हता. मोर तसंच करतात, जवळ येऊ देतात आधी. पण धापूला ते कुठं माहीत. लांडोर आणखी एक पाऊल पुढं आली, आणि कानूडा गर्रकन फिरला. एकदम सगळा पिसारा तिच्या तोंडावर, आणि सुरू झाली थरथर. लांडोर बिचकली, मागं सरली, पण गेली नाही. तिच्या डोक्यावरचा तुरा हलत होता, वाऱ्यानं की त्या सळसळीनं, सांगता येत नाही. मान खाली घालून ती पिसाऱ्याकडं बघत होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

आणि धापूच्या वाट्याला आली पाठ. मागून मोर कधी बघितलाय? काही शोभा नाही त्याला. नुसत्या पांढुरक्या काड्या, सुपाच्या मागच्या बाजूसारख्या. खाली खरी शेपटी, आखूड, तपकिरी, ताठ. सगळं काम तीच करते. पिसाऱ्याला टेका देऊन उभी, आणि तीच थरथरून सगळ्या पिसाऱ्याला हलवते. बिचारी पुढून कधी दिसतच नाही. धापू तिच्याकडंच बघत राहिली. इतकी राबत होती ती शेपटी.

लांडोर खाली बसली. कानूडा ओरडत धावला. पुढचं सांगायला नको, भोपाजी झोपलेले होते.

नंतर लांडोर अंग झाडून निघून गेली आपल्या वाटेनं. कानूड्यानं पिसारा मिटला, दोन दाणे टिपले आणि कुंपणावरून उडून पलीकडं उतरला. अगदी धापूच्या हाताच्या अंतरावर. गोणपाटाकडं बघितलं. धापूच्या तोंडाकडं बघितलं. आणि रस्त्यावरच्या परक्या बाईजवळून जावं तसा निघून गेला.

धापूला जरा लागलं ते. लागणारच. मग ती उठून बसली, केसातलं गवत काढायला लागली, आणि तिच्या गालावर हसू फुटलं ते तिला आवरेना.

नाथीनं विचारलं, "काय गं, दिसलं का नीट?"

"पाठ दिसली," धापू म्हणाली. "सगळी पाठच दिसली मला."